शेळीने काय खाल्लं?

जळकोटच्या शाळेत प्रौढांचा वर्ग सुरू होणार म्हटल्यावर सिंधुबाईंना बोलावणं आलं. बाई निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली होती; पण भूकंपाच्या आदल्या वर्षी साक्षरतेचे वर्ग चालवलेलं माणूस म्हणून तालुक्यात दुसरं कुणी शिल्लक नव्हतं. शिकवणार होती धम्मप्रिया, डी.एड. झालेली चोवीस वर्षांची पोर. बाईंनी फक्त सोबत बसायचं, एवढंच ठरलं होतं.

बाई गप्प बसणाऱ्यातल्या असत्या तर ही गोष्ट इथेच संपली असती.

वर्गाला पैसे देणारी संस्था लातूरची. तिचे सल्लागार दयानंद सर पांढऱ्या गाडीतून आले. हातात प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा, गुळगुळीत कागद, वर संस्थेचं रंगीत चिन्ह. "स्तरनिश्चिती चाचणी," सर म्हणाले. "एका तासात सगळे तीन गटांत विभागून होतील. शास्त्रीय आहे."

बाईंनी चष्मा लावला आणि पहिली ओळ मोठ्याने वाचली. "खालील सूचना काळजीपूर्वक वाचा." मग चष्म्यावरून सरांकडे पाहिलं. "वाचता येत नाही म्हणून येणाऱ्या माणसाला पहिलं काम काय दिलंत, तर वाचा! आंधळ्याला दारात उभं करून पाटी दाखवायची, आत यायला डावीकडून वळा म्हणून. वा सर."

"मॅडम, सूचना आपण तोंडी सांगू."

"मग छापल्या कुणासाठी? माझ्यासाठी?"

धम्मप्रियाने हसू ओढणीत लपवलं.

चाचणी झाली. सत्तावीस जणं आली होती, बाया जास्त. पंचवीस प्रश्न, प्रत्येकाखाली चार उत्तरं, बरोबर उत्तराच्या गोलात काळं करायचं. बाई खिडकीपाशी बसून बघत होत्या. मागच्या बाकावरची बाई शेजारणीच्या कागदावर बघून गोल रंगवत होती आणि शेजारीण हिच्या. दोघींनी रांगोळीचे ठिपके भरावेत तसे गोल सुबक भरले. शेवटी एकेकाने उभं राहून उतारा वाचायचा होता, पंधरा गुणांचा. उतारा कोणता निवडला होता सरांनी? शाळेतली प्रतिज्ञा.

व्यंकटी टेम्पोवाल्याने कागद परत दिला. "ह्ये मला जमत न्हाई." त्याच्यामागून धुरपताबाई उठली. साठीची, ताठ कण्याची, पांढरी साडी. तिने कागद दोन्ही हातांत धरला, ओळीखाली बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात प्रतिज्ञा म्हटली. कुठे अडली नाही. सरांनी टाळ्या वाजवल्या.

बाईंनी मात्र बोटाकडे पाहिलं. तोंड चौथ्या ओळीवर पोचलं होतं, बोट दुसरीवरच रेंगाळत होतं. मग बोट एकदम खाली आलं, कोऱ्या जागेवर, आणि तिथेच थांबलं.

हे बोट त्यांनी पूर्वी पाहिलं होतं.

तासाभरात सरांनी लॅपटॉपवर निकाल लावला. पाच गुणांपर्यंत पहिला गट, सहा ते वीस दुसरा, एकवीसपासून पुढे तिसरा. पहिल्या गटात दोन माणसं, दुसऱ्यात सोळा, तिसऱ्यात नऊ. "पाहा," सर म्हणाले, "तुम्हाला वाटतं तेवढी निरक्षरता नाही तालुक्यात."

"सर, पंचवीस प्रश्न, चार-चार उत्तरं. डोळे मिटून काळं केलं तरी सहा बरोबर येतात. म्हणजे तुमच्या हिशेबाने डोळे मिटलेला माणूस दुसऱ्या गटात. पहिल्या गटात जायचं तर कागद कोरा ठेवायला पाहिजे. त्या गटातल्या दोघी प्रामाणिक होत्या, म्हणून ढ ठरल्या."

"तसं असेल तर सगळ्यांनाच सहा..."

"आणि हा व्यंकटी. आकड्यांच्या दहापैकी नऊ बरोबर, अक्षर एकही येत नाही. तुम्ही सगळं एकत्र कालवून बारा गुण केलेत. आता त्याला बेरीज शिकवायची का बाराखडी, हे त्या बारातून कळतं का या पोरीला?"

दयानंद सर हसले. शहरातली माणसं म्हाताऱ्या बाईकडे बघून हसतात तसे. "मॅडम, तुमच्या काळात पाटी-पेन्सिल होती. आता डेटा आहे."

"आमच्या काळातही गाढवपणा होता सर. फक्त त्याला रंगीत चिन्ह नव्हतं."

सर गेले. जाताना सांगून गेले की सोमवारी वर्ग सुरू करा, याद्या अंतिम आहेत.

धम्मप्रिया याद्या हातात घेऊन उभी. "बाई, धुरपता मावशी माझ्या आईची मैत्रीण हाय. तिसऱ्या गटात आली, लई आनंद झाला तिला."

"आनंद झाला म्हणाली ती?"

धम्मप्रिया अडखळली. "न्हाई. काहीच बोलली न्हाई."

"विहारात वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून तीन महिने, ग्रंथ वाचतात ना गं? रोज एका घराची पाळी असते."

"हाव. मावशीची पाळी आली की ती नेमकी चष्मा विसरती. मग माझी आईच वाचती." बोलता बोलता पोर थांबली. डोळे मोठे झाले. "बाई, ती बुद्धवंदना तर पुस्तक धरून म्हणती दर रविवारी!"

"वंदना पाठ आहे. प्रतिज्ञाही पाठ आहे. चौदा वर्षं या शाळेत खिचडी शिजवली तिने, रोज सकाळी ऐकली. आम्ही सगळे मास्तर तिच्या हातची खिचडी खाऊन ढेकर देत होतो, एकाच्याही लक्षात आलं नाही." बाई खुर्चीत बसल्या. "आणि माझं तर विचारूच नको. ब्याण्णव साली ती माझ्याच वर्गात होती. पहिल्याच दिवशी वाचनपाठाच्या पुस्तकातला पहिला धडा तिने घडाघडा म्हटला. दिराच्या पोराकडून ऐकून आली होती. मी, हुशार सिंधुबाई, तिला थेट तिसऱ्या गटात बसवलं. कलेक्टर आले तेव्हा पुढे उभं केलं, फोटो काढला. ती महिनाभर मान हलवत बसली, मग यायची बंद झाली. मी म्हटलं, नवऱ्याने अडवलं असेल. मला सोयीचं होतं ते."

त्या वर्गांची बाईंना अजून ओढ होती. कंदील, पोत्यावर बसलेल्या बाया, थुंकी लावून पुसलेल्या पाटीचा वास. त्या आठवणीच्या मधोमध आता हे बोट उभं राहिलं होतं, कोऱ्या जागेवर थांबलेलं.

"पुन्हा तिसऱ्या गटात बसली तर पुन्हा मान हलवेल," बाई म्हणाल्या. "आणि या खेपेला गेली की परत येणार नाही. जुनी कॅलेंडरं आण."

कॅलेंडरांच्या पाठी कापून सहा कार्डं केली. पहिल्यावर काही नावं, त्यातलं आपलं ओळखायचं. दुसऱ्यावर सुटी अक्षरं. तिसऱ्यावर घर, नळ, बस असे बिनमात्रेचे शब्द, चौथ्यावर काना-मात्रा-वेलांटीचे. पाचव्यावर एक वाक्य, सहाव्यावर उतारा. एका कार्डावर तीनदा अडलं की तिथेच थांबायचं, चुकलं म्हणायचं नाही, घरच्या गप्पा काढायच्या. लिहिणं वेगळं बघायचं, आकडे वेगळे, बेरीज कशाचीच नाही.

उतारा धम्मप्रियाने लिहिला. जेवणाआधी हात धुवावेत, असा. खाली प्रश्न: जेवणाआधी काय करावं?

"हे न वाचता माझी म्हैसपण सांगेल," बाई म्हणाल्या. "कुणी कधी ऐकलं नाही असं पाहिजे, आणि उत्तर अंदाजाने येता कामा नये." मग त्यांनीच लिहिलं: शरणप्पाची शेळी सुटली. ती ग्रामपंचायतीत शिरली. तिने भिंतीवरची नोटीस खाल्ली. शिपाई मागे धावला, पण शेळी मागच्या दाराने निघून गेली.

आधी ओळखीच्या माणसांवर लावून पाहिलं. शाळेचा शिपाई आनंदराज सातवी शिकलेला. तो तिसऱ्या ओळीला फसकन हसला. "याला समजलं," बाई म्हणाल्या. त्याच्या आईला अक्षरओळख तेवढी होती. ती तिसऱ्या कार्डावर अडली, अडायला हवी तिथेच. "आता हे खरं माप झालं. माहीत असलेलं जे नीट मोजतं, त्यानेच माहीत नसलेलं मोजायचं."

शनिवार-रविवार एकेकाला ऑफिसच्या खोलीत बोलावलं. दार उघडं, पण बाहेर ऐकू जाणार नाही इतकं दूर टेबल. टेबलावर बाईंनी बाजारातून आणलेले वाचायचे तीन चष्मे, वेगवेगळ्या नंबरांचे.

धुरपताबाई आली. कार्डांकडे न बघताच म्हणाली, "चष्मा घरी राहिला."

"हे तीन आहेत. बघ कोणता लागतो."

धुरपताबाईने तिन्ही लावून पाहिले. दुसरा लावून कार्ड जवळ धरलं, लांब धरलं. स्वतःचं नाव ओळखलं. अक्षरांतली चार सांगितली, मग म, भ, झ यांवर थांबली. नियमाने इथे थांबायचं होतं. पण तिने स्वतःच हात पुढे करून सहावं कार्ड उचललं आणि बोट ठेवलं.

"शेळीने काय खाल्लं गं?" बाईंनी हळूच विचारलं.

"पाला."

धुरपताबाईने बाईंच्या तोंडाकडे पाहिलं, मग कार्डाकडे, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"न्हाई का?"

"नाही."

"सिंधुबाई, तवा का न्हाई इचारलं असं?"

"अक्कल नव्हती."

"कलेक्टरला हार घालायला लावला मला. घरी येऊन लई रडले. वाटलं, आता सांगावं तर बाईची नाचक्की." तिने नाक पुसलं. "तुमची अब्रू राखायला तीस वर्सं अडाणी ऱ्हायले मी. वर खिचडी बी खाल्ली तुम्ही."

"हो. मीठ जास्त असायचं."

"तुमच्यासाठीच घालत होते."

सोमवारी ती पहिल्या गटात, पहिल्या बाकावर बसली. पहिल्या गटात आता तेरा जणं होती, दुसऱ्यात नऊ, तिसऱ्यात पाच. व्यंकटी वाचनाला पहिल्यात, गणिताला तिसऱ्यात. पंधरा दिवसांनी पुन्हा बघून दोघींना पुढे सरकवलं, कुणाला काही कळलंही नाही. दयानंद सरांचा फोन आला, याद्या का बदलल्या? बाईंनी सांगितलं, येऊन बघा. सर आले, कार्डं पाहिली, फोटो काढले आणि मान डोलावली.

महिन्याने लातूरहून गठ्ठा आला. गुळगुळीत कागद, रंगीत चिन्ह, 'आमच्या तज्ज्ञांनी विकसित केलेली चाचणी'. शेळीचा उतारा पानभर, सोबत शेळीचं चित्र, तोंडात नोटीस. त्याचाच फलक करून सगळ्या तालुक्यांच्या शाळांत लावायला पाठवला होता.

"म्हणजे आता उत्तर भिंतीवरच," धम्मप्रिया म्हणाली.

"आणि महिन्याभरात गावोगाव शेळी पाठ. प्रतिज्ञेला भाऊ मिळाला." बाईंनी फलक गुंडाळून कपाटामागे टाकला. "नवीन उतारा लिही. या वेळी तू. आणि लातूरला दाखवू नकोस."

आषाढी पौर्णिमेनंतर सहाव्या दिवशी विहारात धुरपताबाईची पाळी होती. बाई मागे भिंतीला टेकून बसल्या. धुरपताबाईने चष्मा लावला, खूण घातलेलं पान उघडलं, बोट ठेवलं. एका शब्दाला एक श्वास लागत होता. पुढची पोरं चुळबुळ करू लागली, धम्मप्रियाच्या आईने मदतीला हात पुढे केला. धुरपताबाईने तो कोपराने बाजूला सारला. पाच ओळी झाल्या, घाम आला, तिने पुस्तक मिटलं.

"आज एवढंच," ती म्हणाली. "बाकीचं उद्या. उद्या बी मीच."

बाईंनी सगळा वेळ बोटाकडेच पाहिलं होतं. तोंड जिथे होतं, बोट तिथेच होतं.