दुसरा फोन

जीशान माझा जिवलग दोस्त, आणि त्याचं बरं झालेलं मला बघवत नाही. कंधारच्या बसस्टँडसमोर माझं मोबाईलचं दुकान आहे, एक गाळा सोडून त्याची टेलरिंगची टपरी. आमच्या मधला गाळा मला हवा होता. पण पाच वर्षांपूर्वी त्याने थोडे थोडे करून बिटकॉइन घेतले, त्यांचा भाव चढला आणि गाळा आता तो घेणार होता. शुक्रवारपर्यंत पैसे दिले नाहीत तर मालक उदगीरच्या पार्टीला देणार.

बुधवारी तो घामाघूम होऊन आला. "मल्लू, सगळे कॉइन विकले, पैसे काढाया गेलो तर एक्स्चेंजनं अडकवले. सुरक्षा तपासणी म्हणे. आता एकजण मेसेज करून राहिला, फी भरा, सोडवून देतो."

"त्याला ब्लॉक कर. खरी कंपनी अशी फी मागत न्हाई. परत परत पैसे काढायचं बटण पन दाबू नको."

मी त्याच्या फोनवर एक्स्चेंजचं ॲप उघडलं. कारण समजण्यासारखं होतं. आठवड्यापूर्वी मीच त्याला नवा फोन विकला, पासवर्ड बदलून दिला. काल त्याने बँकेचं नवं खातं जोडलं आणि आज एकदम सगळी रक्कम मागितली. कुणालाही चोर वाटेल. त्यांनी पॅनकार्ड, सेल्फी आणि बँकेचं स्टेटमेंट मागितलं होतं. खाली एक प्रश्न होता: हा दुसरा फोन तुमचा आहे का?

तो माझ्या काउंटरवरचा फोन होता. पासवर्ड बदलताना त्यावर लॉगिन केलं होतं, ते मी काढलंच नव्हतं.

"माझाच म्हणून लिहितो," जीशान म्हणाला. "लवकर सुटंल."

हो म्हटलं असतं तर मी सुटलो असतो.

"खोटं नको लिहू. पकडलं तर आनखी अडकशील. तो माझा हाय."

त्याने लॉगिनच्या वेळांची यादी वर सरकवली. "रोज सकाळी दहाला?"

"बघत होतो. तुझे किती झाले ते."

"कमी झाले तव्हा बरं वाटायचं?"

"हाव."

त्याने मशीनवर बसावं तसं शांतपणे टाईप केलं: फोन दुकानदार मित्राचा, परवानगी नव्हती, आता काढतोय. कागद जोडले. मग माझा फोन यादीतून काढला आणि नवा पासवर्ड स्वतः टाकला.

शुक्रवारी दुपारी पैसे बँकेत आले. गाळा त्याचा झाला. पेढे सगळ्यात आधी मलाच दिले. मी खाल्ले, गोड लागले नाहीत.

चहाला तो अजून माझ्याकडेच येतो. फोन उघडताना मात्र माझ्याकडे पाठ करतो. आणि खरं सांगतो, माझी मान तरीही लांब होते.