उर्वीची जाळी

माझ्या सासूबाई विणकाम शिकवताना गोड असतात आणि टायटल लिहिताना महाहट्टी. चॅनल त्यांचं, पण व्हिडिओ चढवायचं काम माझ्या गळ्यात.

त्या दिवशी त्यांनी सांगितलं, "लिही, उर्वीची जाळी."

उर्वी त्यांची मुलगी, माझी नणंद. पहिलं स्वेटर विणताना तिने एका ओळीत आधी भोकासाठी सुईवर दोरा घेतला आणि मग दोन टाके एकत्र विणले. पुढच्या जाळीच्या ओळीत नेमकं उलट केलं. भोकं सरळ रेषेत न येता नागमोडी झाली. पोरगी रडली, आईंनी मात्र उसवू दिलं नाही. त्या चुकीचीच ही जाळी. उर्वी गेल्या हिवाळ्यात डेंग्यूने गेली. ही वीण तिच्या नावाने घरोघरी जावी, एवढंच आईंना हवं होतं.

व्हिडिओ घरच्यांनीच पाहिला. मी चिडले.

"आई, नवीन शिकणारे हे नाव सर्च करणारच नाहीत ना! ते 'सोपी जाळीची वीण' टाकतात, नाहीतर 'बेबी स्वेटर डिझाइन'."

"सोपी? रडवलं होतं तिला या जाळीनं!"

"अहो, पण यात सुलट-उलट टाके, दोरा घेणं आणि दोन टाके एकत्र विणणं, बस इतकंच तर आहे. नवशिक्याला जमेल. तसं नाही लिहिलं तर तो घाबरून उघडणारच नाही."

त्यांनी सुईवरची ओळ संपवली. मग म्हणाल्या, "लिही बाई तुझं."

मी लिहिलं: सोपी जाळीची वीण, नवशिक्यांसाठी, बेबी स्वेटर. खाली माहितीत लोकर चार प्लाय बेबी वूल, सुया दहा नंबर, आणि अगदी तळाशी, जिथे कुणी उघडून वाचत नाही तिथे, "उर्वीची जाळी". स्वतःचाच राग आला.

मग मात्र बायका येऊ लागल्या. महूच्या एकीने बाळाच्या टोपीचा फोटो टाकला. भोकं थेट उर्वीसारखी नागमोडी. तिने विचारलं होतं, "काकू, या जाळीला नाव काय?"

मी आनंदाने ओरडले, "आई, आता सांगा! ती स्वतः विचारतेय!"

आईंनी फोन हातात घेतला. फोटोवरून अंगठा फिरवला. मग एकेक अक्षर शोधत लिहिलं, "सोपी जाळी."

"अहो, हे काय?"

"तान्ह्या लेकराच्या डोक्यावर घालेल ती," आई म्हणाल्या. "त्याला माझ्या गेलेल्या पोरीचं नाव कशाला, यामिनी?"

मला रडू आवरेना. त्या फोन ठेवून पुढची ओळ विणू लागल्या.

संध्याकाळी पाहिलं तर आई सर्चमध्ये 'उर्वीची जाळी' लिहीत होत्या. आमचा व्हिडिओ लगेच वर आला. नाव माहीत असेल त्याला तो सापडतो. ते माहीत असलेले आता आम्ही घरचेच.