आडोशाचा वारा

त्याला सगळे टक्केसाहेब म्हणत. नाव ऐकून नव्या माणसाला वाटे, हा गृहस्थ वरकमाई करणारा असावा. पण हे टक्के बॅटरीचे होते. औषधं नेणारं ड्रोन दरीपलीकडच्या आरोग्य केंद्रात जाऊन परत आलं, की त्याच्या बॅटरीत किमान पंचवीस टक्के उरलेच पाहिजेत, हा नियम. ते उरतील की नाही, हे उड्डाणाआधी सांगणं ही त्याची नोकरी. कचेरी म्हणजे औषधांच्या कोठाराच्या गच्चीवरची पत्र्याची खोली. तिच्यात एक टेबल, दोन खुर्च्या. दुसऱ्या खुर्चीवर फायली बसत.

घरीही तसंच. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी लांबच्या शहरात, रविवारी फोन करायची आणि दर वेळी विचारायची, "बाबा, जेवलात ना?" तो "हो" म्हणायचा. तेवढ्यात नातू रडायचा आणि बोलणं आवरतं घ्यावं लागायचं.

बाकीचे सहा दिवस, दुपारी तीन वाजता, पलीकडच्या सिस्टरचा फोन यायचा.

सिस्टर केंद्राच्या गच्चीवर जाऊन हातातल्या पंख्याच्या यंत्राने वारा मोजायची आणि आकडा सांगायची. गच्चीपेक्षा वरच्या हवेत वारा जास्त, म्हणून तो त्यात एक मिळवायचा, गणित करायचा, ड्रोन सोडायचा. ते पोचायला दहा-पंधरा मिनिटं लागायची. फोन चालूच राहायचा. तिच्या डाव्या गुडघ्याबद्दल त्याला सगळं ठाऊक होतं. त्याला भात कधीच मोकळा जमत नाही, हे तिला ठाऊक होतं. दोन वर्षांत त्यांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. हवेतून अंतर सात किलोमीटर, पण रस्ता दरीला वळसा घालून जायचा, साडेतीन तासांचा.

गेल्या महिन्यापासून मात्र गणिताचं काहीतरी बिनसलं होतं. त्याने चाळीस टक्के उरतील म्हणावं, तर ड्रोन पंचवीसवर येऊन टेकायचं. पहिल्यांदा त्याने वाऱ्याला बोल लावला. मग एका सकाळी बॅटरी पूर्ण भरली, टेबलावरच्या यंत्राला जोडली आणि रिकामी होईपर्यंत तिच्यातून किती वीज निघते ते मोजत बसला. नवी असताना ती नऊशे पंच्याहत्तर वॅट-तास द्यायची. आता सातशे ऐंशीवर तिने मान टाकली. दुसरी बॅटरीही तशीच निघाली. दोन वर्षं रोज राबून दोघी थकल्या होत्या.

नव्या बॅटऱ्या यायला तीन महिने लागणार होते. तोवरच्या उड्डाणांसाठी मुख्य कचेरीला अहवाल पाठवायचा होता. त्याने वही ओढली.

ड्रोन हवेतून सेकंदाला पंधरा मीटर वेगाने जाई. दुपारी वारा दरीतून समोर येई, आठ मीटरचा. म्हणजे जमिनीवरून पुढे सरकणं फक्त सातचं. दोन किलोचं खोकं पोटाशी धरून सात किलोमीटर जायला सतरा मिनिटं. येताना वारा पाठीशी आणि पोट रिकामं, पाच मिनिटांत घरी. पण जाताना खर्ची पडलेली वीज येताना भरून निघत नाही, कारण वाऱ्याशी झगडण्यातच जास्त वेळ जातो, आणि तोही ओझ्यासकट. चढणं-उतरणं धरून खर्च सहाशे नव्वद. सातशे ऐंशीतून उरतात नव्वद. साडेअकरा टक्के.

ओझं अर्ध्यावर आणून पाहिलं. एकोणीसच्याही आत. मग, का कोण जाणे, वारा आठऐवजी सहा धरला. खर्च पाचशे पंच्याऐंशी, उरले एकशे पंच्याण्णव. बरोबर पंचवीस टक्के.

त्या आकड्याकडे तो बराच वेळ बघत बसला.

तीनला फोन वाजला. "सात आहे आज," सिस्टर म्हणाली.

"म्हणजे वर आठ. आज सोडत नाही सिस्टर." त्याने बॅटरीचं सांगितलं. "दुपारचं उड्डाण बंद करावं लागेल. सकाळी सातला वारा तीनच्या वर नसतो. पस्तीस टक्के उरतात, पूर्ण ओझ्यासकट."

"सकाळी मी वस्त्यांवर असते."

"माहीत आहे."

"मग खोकं आमचा औषधवाला उतरवून घेईल." फोनमध्ये नुसती हवा घोंगावत होती. "सहा असता तर चाललं असतं का हो?"

"चाललं असतं. जेमतेम."

"मी इथे पाण्याच्या टाकीआड उभी राहिले ना, तर यंत्र पाचच दाखवतं. तुम्ही एक मिळवता. सहा होतात."

वहीतला सहा त्याने तिला सांगितला नव्हता. आपल्यासारखंच तिकडेही कुणीतरी वारा कमी करून बघत होतं, हे इतकं अचानक समोर आलं की त्याला क्षणभर हो म्हणावंसं वाटलं.

"सिस्टर, ड्रोन टाकीआडून येत नाही," तो शेवटी म्हणाला. "खाली वस्ती आहे. कुणाच्या डोक्यावर पडलं तर तुम्हाला आणि मला, दोघांनाही झोप लागायची नाही."

"ते कळतं मला. कळत नाही असं थोडंच आहे?" ती जरा हसली. "विचारून बघितलं."

"बरं केलंत विचारलंत."

"ठेवते मग. ओपीडीत माणसं खोळंबलीत."

त्याने अहवालात वारा आठ लिहिला, दुपारच्या उड्डाणापुढे 'बंद' लिहिलं आणि तो पाठवून दिला. मुख्य कचेरीतल्या मॅडमचा तासाभरात फोन आला. "वेळेवर लक्षात आणून दिलंत," त्या म्हणाल्या. त्याने आभार मानले.

दुसऱ्या दिवसापासून ड्रोन सकाळी सातला जाऊ लागलं. वारा औषधवाला मोजायचा. "दोन," म्हणायचा आणि फोन ठेवायचा. खोकं पोचलं की "मिळालं," म्हणायचा आणि ठेवायचा. माणूस चोख होता. त्याच्याबद्दल तक्रार करायला काही जागाच नव्हती. बॅटरी पस्तीसवर यायची, कधी छत्तीस. दोन वर्षांत गणित इतकं तंतोतंत जुळलं नव्हतं.

दुपारी तीनच्या सुमारास तो पत्र्याच्या खोलीत चहा करून घ्यायचा. चार-पाचदा त्याने तिचा नंबर काढला. एकदा लावलाही. तिनेच उचलला, पण मागे कुणी बाई कळा देत होती. "नंतर करते हं," ती म्हणाली. आठ दिवसांनी केलाही. दोघांनी एकमेकांची विचारपूस केली. गुडघा तसाच होता. भातही तसाच. मग दोघेही थांबले. ड्रोन हवेत असायचं तेव्हा गप्प राहिलं तरी चालायचं, दोघं मिळून एका गोष्टीची वाट बघत असायचे. आता वाट बघायला काही नव्हतं. "बरं मग," ती म्हणाली. "बरं," तो म्हणाला.

तीन महिन्यांनी नव्या बॅटऱ्या आल्या. त्याने त्या मोजल्या, नऊशे सत्तरच्या पुढे भरल्या. आठच्या वाऱ्यातही अठ्ठावीस-एकोणतीस टक्के उरत होते. त्याने मॅडमना कळवलं, दुपारचं उड्डाण पुन्हा करता येईल.

"करता येईल, पण कशाला?" मॅडम म्हणाल्या. "सकाळी औषध पोचतं, ते त्याच दिवशी पेशंटच्या हातात पडतं. केंद्रातले लोक खूश आहेत. तुम्हाला काय वाटतं?"

खरं तेच होतं. वाऱ्याच्या बाजूनेही आणि पेशंटच्या बाजूनेही.

"सकाळचंच राहू द्या," तो म्हणाला.

फोन ठेवून त्याने जुन्या बॅटऱ्यांवर 'बाद' अशी चिठ्ठी चिकटवली आणि त्या वाळूच्या पेटीत नेऊन ठेवल्या. मग उद्याच्या हवेचा अंदाज उघडला. वारा पहाटे अडीच, सातला तीन. ओझं दोन किलो. तो आकडे मांडत गेला. खाली कोठाराचं शटर कुणीतरी ओढून घेतलं. सवयीने त्याने पस्तीस लिहिलं... नाही, नव्या बॅटरीने अठ्ठेचाळीस उरणार होते. त्याने खोडून अठ्ठेचाळीस लिहिलं.