परिपत्रकाचा सारांश

परिपत्रक चाळीस पानांचं होतं आणि मॅनेजरसाहेबांनी ते वाचायचं काम नेहमीप्रमाणे टीम लीडच्या गळ्यात मारलं. "टीमला कळेल असा छोटासा ईमेल कर," एवढं बोलून साहेब मीटिंगला पळाले.

तिने शब्दन् शब्द वाचला आणि मग बसून सगळं मोजक्या ओळींत आणलं. रजा कशी मागायची, घरून काम किती दिवस, खर्च परत कसा मिळवायचा. 'घर म्हणजे कंपनीकडे नोंदवलेला पत्ता. इतर ठिकाणाहून काम केल्यास पूर्वपरवानगी हवी, अन्यथा ते दिवस रजेत धरले जातील' हे कलम मात्र तिने गाळलं. घर म्हणजे घर, त्यात काय सांगायचं! ईमेल वाचून सगळे खूश झाले. टीममध्ये एकाला सगळे शंकासुर म्हणत, कारण प्रत्येक ईमेलवर त्याचे पाच प्रश्न ठरलेले. त्यानेही या वेळी एकही प्रश्न विचारला नाही. बाईंचा ईमेल किती सोपा, म्हणाला.

पुढच्याच महिन्यात त्याचे वडील आजारी पडले. तो त्यांच्या गावी गेला, त्यांच्या उशाशी बसून कामही चोख करत राहिला. तिच्या ईमेलमध्ये 'खर्च परत मिळवण्यासाठी इंटरनेटचं बिल जोडा' असं होतं, म्हणून त्याने वडिलांच्या घरचं बिल इमानेइतबारे जोडलं.

बिलावर पत्ता वडिलांचा. एचआरने तो बरोबर हेरला आणि ते सगळे दिवस त्याच्या रजेतून वजा केले. रजा संपली.

तो हे सांगायला आला तेव्हा तिला आधी हसूच आलं, इतकं ते वेडगळ वाटलं. मग तो म्हणाला, "बाई, बाबांचं ऑपरेशन सोमवारी ठरलंय. ती रजा मी त्यासाठीच राखून ठेवली होती."

ती तडक एचआरमध्ये गेली. "चूक माझी आहे, त्याची नाही," तिने हात जोडून सांगितलं. तिथली मुलगी भली होती, तिलाही वाईट वाटत होतं. "पण मॅडम, नियम परिपत्रकातला. तुमच्या ईमेलचा नाही." साहेबांनी आपले हात कधीच झटकले होते.

ती जागेवर परतली. तो तिथेच उभा होता.

"बिनपगारी रजा?" त्याने विचारलं.

"महिनाभर आधी अर्ज लागतो. गावाहून काम करायच्या परवानगीलाही."

"आणखी काही वाट असेलच ना, बाई? चाळीस पानं आहेत. तुम्ही सगळी वाचलीत."

तिने सगळी वाचली होती, म्हणून तर तिला शोधायलाही जागा उरली नव्हती. तिने नकारार्थी मान हलवली. त्याने तिथेच उभ्याने बहिणीला फोन लावला. "अगं, सोमवारी तूच थांब बाबांजवळ," तो म्हणाला. "नाही, त्यांना सांगू नकोस. आत नेईपर्यंत मी वाटेत आहे म्हण."