सरकीसकट गठाण

आकांक्षाच्या सराव-पेपरावर प्राजक्ताने क्रमाला साडेसात दिले, शब्दांना सात, आणि तिच्या जिवाला जरा थंडावा मिळाला. अमरावतीच्या त्या छोट्या क्लासात इंग्रजी शिकवताना ती सहसा इतकी उदार होत नसे. पण पोरीचं सगळं या शनिवारच्या परीक्षेवर टांगलेलं होतं. आकांक्षा अकोल्याला नर्स होती. परदेशातल्या हॉस्पिटलने नोकरी कबूल केली होती, अट एकच: इंग्रजी लेखनात नऊपैकी साडेसहा. मागच्या खेपेला ती अर्ध्या गुणाने हुकली. आता पुन्हा हुकली तर ती जागा दुसऱ्या कोणाची.

सराव-पेपरातलं चित्रही नशिबाने घरचंच निघालं होतं. वेचलेल्या कापसापासून गठाणीपर्यंतची प्रक्रिया, बाण आणि नावांसकट. ते पाहायचं आणि शब्दांत लिहायचं. बाहेरच्या बाकावर बसलेली तिची आई मनकर्णाबाई हे ऐकून हरखून गेली होती. "मॅडम, मी इथूनच अंबादेवीले नवस बोलली. शनिवारीबी माह्या पोरीले कापूसच येऊ दे म्हटलं!"

क्लासचा नियम असा की प्रत्येक पेपर दोघांनी वेगवेगळा तपासायचा आणि मग गुण ताडून पाहायचे. दुसरा तपासनीस गौरांग. वकिलाचा मुलगा, सगळा जन्म अमरावतीत गेला, पण कापूस पाहिला तो उशीतला. त्याचा कागद प्राजक्ताने पाहिला आणि तिचं डोकंच फिरलं. क्रम पाच. शब्द पाच.

"तू नीट वाचलंस का? पोरगी शेतकऱ्याची आहे. तिला तू कापूस शिकवणार?"

"मी कापूस तपासला नाही, उत्तर तपासलं," गौरांग म्हणाला. "तुला पटत नसेल तर एक कर. तिचं एकेक वाक्य वाच. मी फक्त त्यावरून चित्र काढतो. मनाचं काही घालणार नाही."

प्राजक्ताने तावातावाने वाचायला सुरुवात केली. प्रथम कॉटन वेचलं जातं. गौरांगने बोंड काढलं. त्यानंतर कॉटन वाळवलं जातं. मग कॉटनमधला कचरा काढला जातो. शेवटी कॉटन दाबून त्याच्या गठाणी बांधतात. पेन थांबलं. कोऱ्या कागदावर एक चौकोनी गठाण होती आणि गौरांगने तिच्यात ठिपके भरले होते.

"हे काय?"

"सरकी, कापसातलं बी. ती काढल्याचं तिने कुठे लिहिलंय? पेपरातल्या चित्रात सरकी काढणाऱ्या रेच्याचा एक अख्खा टप्पा आहे. तिथून सरकी एका बाणाने तेलघाण्याकडे जाते, उरलेली रुई दुसऱ्या बाणाने पुढे. हे सगळं गायब. आणि चित्रात रुईला वेगळं नाव छापून दिलंय, तरी हिचं पहिल्यापासून शेवटपर्यंत कॉटनच. वाक्यं जोडणारे शब्द सुंदर आहेत, पण मधली पायरीच नाही तर ते कशाला जोडतात?"

प्राजक्ताने उत्तर पुन्हा वाचलं. तिचं माहेर नांदगाव खंडेश्वरचं, जिनिंगच्या आवाजात वाढलेली ती. वाचताना रेचा तिच्या डोक्यात आपोआप फिरला होता, सरकी आपोआप बाजूला पडली होती. आकांक्षाने लिहिलं नव्हतं ते तिने स्वतः भरून घेतलं होतं आणि वर गुणही दिले होते. शनिवारचा पेपर कोण तपासणार? ज्याने बोंडसुद्धा पाहिलं नसेल असा कोणीतरी. साडेसातच्या भरवशावर ती पोरीला सरळ खड्ड्यात ढकलत होती.

तिने स्वतःचे गुण खोडले आणि आकांक्षाला आत बोलावून गौरांगचं चित्र पुढे ठेवलं.

आकांक्षा आधी हसली. "हे काय मॅडम, सरकीसकट गठाण?" मग आपला पेपर पाहून तिचा चेहरा उतरला. "हे तं सगळ्यायलेच माहीत असते... म्हणून मी लिवलंच नाही." "आता कसं करू मॅडम? चारच दिवस राह्यले."

प्राजक्तालाही तीच भीती होती, पण तिने दुसरं चित्र काढून दिलं: काचेच्या जुन्या बाटल्या वितळवून नव्या कशा करतात. आकांक्षाच्या घरादारात कोणी काचेच्या कारखान्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. वीस मिनिटं प्राजक्ता आणि गौरांग तपासनिसांसारखे नाही, आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखे बसले. एकेका बाणावर बोट ठेवत आकांक्षा लिहीत गेली. धुणं, रंगानुसार वेगळं करणं, चुरा, भट्टी, साचा. एकही टप्पा सुटला नाही, प्रत्येकाला त्याचंच नाव. गौरांगने सात दिले आणि प्राजक्ताने, दोनदा वाचून, तेवढेच.

तरी तिचा जीव शांत होईना. ती बाहेर आली. मनकर्णाबाई लगबगीने उठल्या. "कसं झालं मॅडम? कापसात चांगले गुण भेटले नं?"

प्राजक्ताने त्यांचे दोन्ही हात धरले.

"मावशी, माझं ऐका. जाताना अंबादेवीवरून जा. तिले सांगा, दुसरं काईबी दे माय, पण कापूस नको देऊ."