दुपारची बाई

दादा खोटं बोलतो, यात मला तिळमात्र शंका नव्हती.

आमचे वडील, अण्णा, रविवारी न्हाणीघरात घसरले. सोमवारी खुब्याचं ऑपरेशन झालं. सकाळी दादा हॉस्पिटलात बसायचा, दुपारी एकनंतर मी. मी पोचायच्या आत स्वारी ऑफिसला पसार, म्हणून निरोपांसाठी खाटेशेजारी एक वही ठेवली होती. बुधवारी त्यानं लिहिलं होतं, 'अण्णा झकास. पेपर वाचला, त्यातल्या दोन चुका काढल्या.' मी वही मिटतेय तोच अण्णा मला म्हणाले, "बाई, दुकान बंद झालंय. उद्या या."

चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस चादरीवरचे नसलेले धागे उपटत होता. मध्येच पेंगायचा, हाक मारली की दचकायचा. मी दादाच्या ओळीखाली लिहिलं, 'साफ खोटं. मलासुद्धा ओळखत नाहीत.' दादाला जबाबदारी नको असली की सगळं झकास दिसतं, हे मी लहानपणापासून बघत आलेय.

शिकाऊ डॉक्टरनं विचारलं होतं, "आधीपासून विसरतात का?" मी वैतागून म्हटलं होतं, "दोन वर्षं झाली." त्यानं केसपेपरवर लिहून टाकलं, स्मृतिभ्रंश. माझ्या पर्समध्ये वृद्धाश्रमाचा फॉर्म होता. विसरणाऱ्यांसाठी तिथे कुलूपबंद मजला आहे. शुक्रवारपर्यंत सही केली नाही तर खोली दुसऱ्याला जाणार होती. अण्णांना तिथे ठेवायचं मनात नव्हतं, पण हे असले अण्णा घरी कोण सांभाळणार?

गुरुवारी दुपारी वृद्धांच्या मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आधी वहीच वाचली, दोन्ही अक्षरांतली.

"यातलं खरं कोण बोलतंय?" मी तिरसटपणे विचारलं.

"दोघंही," त्या म्हणाल्या आणि अण्णांकडे वळल्या. "अण्णा, शनिवारपासून वार उलटे सांगा बघू."

"शनिवार, शुक्रवार... बटणांचा डबा कुणी हलवला?"

पुन्हा विचारलं. या वेळी शुक्रवारही आला नाही, नजर पंख्याकडे गेली.

"गेल्या शनिवारी हे काय करत होते?" त्यांनी मला विचारलं.

"नातीचा फ्रॉक शिवला. माप घेतलं, कापलं, बारा काजं केली. स्वतःच." सांगता सांगता माझीच जीभ अडखळली.

"मग दोन वर्षं काय विसरतात?"

"चष्मा," मी म्हटलं. "कधी कधी माझा वाढदिवस."

त्या हसल्या नाहीत. "बाई, स्मृतिभ्रंश असा चार दिवसांत येत नाही. तो महिनोन् महिने हळूहळू पोखरतो. आणि सुरुवातीला तरी अशा माणसाचं लक्ष जागेवर असतं. यांचं लक्षच टिकत नाहीये. एकाएकी सुरू झालं, सकाळी उतरतं, दुपारी चढतं. याला आम्ही डिलिरियम म्हणतो. शरीरात काहीतरी बिघडलंय, त्याचा हा गोंधळ आहे. बिघाड शोधायचा."

त्यांनी अण्णांचं पोट चाचपलं, त्यावर सोनोग्राफीचं यंत्र फिरवून पाहिलं. लघवी तुंबून मूत्राशय टम्म झालं होतं. "बाहेरचं काही औषध देताय?"

मी पर्समधून सर्दीच्या गोळ्यांची पट्टी काढली. मंगळवारपासून नाक गळत होतं, म्हणून दिवसाला दोन देत होते. घरी मी हीच घेते. नर्सला काय सांगायचं एवढ्याशा गोळीचं?

"म्हाताऱ्या माणसाची लघवी हिनं तुंबते, डोकंही फिरतं," त्या म्हणाल्या. "एकट्या गोळीचं हे काम नाही. ऑपरेशन, दुखणं, नवी जागा, शिवाय ऐकायचं कानातलं यंत्र घरी ठेवलंत. पण गोळी आजपासून बंद."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला खोटारडा ठरवला होता, त्या दादाला तिथूनच फोन केला आणि नुसती रडले.

लघवीची नळी घातली, कानात यंत्र आलं. तरी शुक्रवारी अण्णा जास्तच बरळले. वृद्धाश्रमातून फोन आला, तेव्हा डॉक्टरीणबाईंवर विश्वास ठेवू की समोर दिसतं त्यावर, तेच मला कळेना. मी सही केली नाही. खोली गेली.

पुढच्या मंगळवारी दुपारी गेले तर अण्णा टेकून बसले होते. मला बघताच म्हणाले, "शनिवार, शुक्रवार, गुरुवार..." आणि रविवारपर्यंत धडाधड आले. डॉक्टरीणबाईंनी सकाळीच परीक्षा घेतली होती म्हणे. खाली आणखी काही लपलंय का, ते पाहायला तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलं होतं.

मग त्यांनी मला जवळ बसवलं. "काय गं, दुपारची एक बाई यायची बघ माझ्याकडे. फार रडायची. गिऱ्हाईक असावं. तिचं काही शिवायचं राहिलं का?"

मला हुंदका फुटला.

अण्णांनी चष्मा नीट केला आणि माझ्याकडे टक लावून पाहिलं.

"अगं," ते म्हणाले, "तूच होतीस का ती?"