आठ हजार चारशेंचा क्लेम

क्लेम पास झाल्याची बातमी उमरेडात रुखमाबाईच्या आधी पोचली. विणकरांच्या साड्या नागपूरला नेणारी तिची मेटॅडोर म्हैस वाचवताना झाडावर आदळली होती. नवरा गेल्यापासून गाडी दीर केशवच चालवायचा. गाडी गॅरेजात अडकली तेव्हा तिनं शब्द दिला होता, "भाऊजी, विम्याचे पैसे आले की तुमचा थकला पगार आधी."

नागपूरच्या विमा ऑफिसात कारकुनानं व्हाउचर पुढे सरकवलं. "बाई, बिल अकरा हजार दोनशे. गाडी चार वर्षांची. मजुरी पूर्ण धरली आहे, पण जुन्या पार्टच्या जागी नवे बसवले, त्यांच्यावरचा घसारा कापला, तेवीसशे. पहिले पाचशे पॉलिसीप्रमाणे मालकाचे. राहिले आठ हजार चारशे."

"मले केव्हा भेटतीन?"

"चेक गॅरेजच्या नावानं जाईल. तसं तुम्हीच लिहून दिलं होतं."

दिलं होतं खरं. त्याशिवाय सक्करदऱ्याच्या भैय्याजी मिस्त्रीनं कामाला हात लावला नसता. तिनं सही केली.

भैय्याजीनं गाडी धुऊन उभी ठेवली होती, किल्ली मात्र खिशात. "वरचे अठ्ठावीसशे द्या, घेऊन जा. मी पण पार्ट रोखीनं आणले, बाई."

त्याचंही खोटं नव्हतं. रुखमाबाईनं साड्यांच्या व्यापाऱ्याकडून पुढच्या भाड्यापोटी उचल घेतली आणि गाडी सोडवली. आता दिवाळीपर्यंतच्या खेपा त्याच्याच होत्या.

घरी केशव ओसरीवर वाट पाहत बसला होता.

"आठ हजार चारशे आले म्हंते लोकं."

"गॅरेजले गेले, भाऊजी. वरून अठ्ठावीसशे मीच भरले. माह्या हातात काहीच नाही आलं."

"विमा मालकाचा, अन् मालकालेच काही नाही?"

तिनं बिल, व्हाउचर, सगळं त्याच्यासमोर मांडलं. घसारा, पाचशे, चेक असं जमेल तसं समजावलं. तो कागदांकडे न बघता तिच्याकडेच बघत राहिला.

"दादा असता तं मले असं हिशोबात गुंडाळलं नसतं, वहिनी."

"थांबा दिवाळीपर्यंत. देते मी."

"तेव्हा आणखी कापाकापी निघंन."

तो उठला. दुसऱ्या दिवशी त्यानं खाणीवर कोळशाचा ट्रक धरला. गल्लीत, पाणवठ्यावर एकच बोलणं झालं: विधवा वहिनीनं दिराचा पगार गिळला. आधी ती लोकांना समजावत होती. मग घसारा म्हणताच बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, तेव्हा तिनं बोलणं सोडलं.

नवा ड्रायव्हर रोजीवर मिळाला. पहिल्या खेपेला ती स्वतः त्याच्या शेजारी बसली. हुडकेश्वरच्या अलीकडे समोरून केशवचा ट्रक आला. तिनं खिडकीतून हात बाहेर काढला. केशवनं गाडी ओळखली, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि काच वर केली.